जुन्या गेम कार्ट्रिजमधला सेव्ह का पुसला जातो आणि तिची बॅटरी कशी बदलतात

जुन्या व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिज जपून ठेवणाऱ्यांना एक विसंगती वारंवार आढळते. निन्टेन्डोच्या एनईएस या यंत्रासाठी १९८७ साली अमेरिकेत आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’च्या कार्ट्रिजमधला सेव्ह कित्येकदा आजही शाबूत सापडतो, मात्र तिच्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९९ साली जपानमध्ये आणि २००० साली अमेरिकेत विक्रीला आलेल्या गेम बॉयवरील ‘पोकेमॉन गोल्ड’च्या कार्ट्रिजमधला सेव्ह केव्हाच नाहीसा झालेला असतो. दोन्हींमध्ये सेव्ह टिकवण्याची पद्धत एकच आहे आणि दोन्हींत लिथियमची चपटी बटन सेल बसवलेली आहे, तरीही वयाने लहान असलेली कार्ट्रिज आधी रिकामी होते. ही विसंगती समजून घेतली की सेव्ह पुसला जाण्याचे बहुतेक सारे कारण हाती येते, म्हणून या लेखात ‘पोकेमॉन गोल्ड’चीच कार्ट्रिज उदाहरण म्हणून घेतली आहे.

कार्ट्रिजमध्ये मूळ खेळ ज्या चिपमध्ये असतो ती कारखान्यातच कायमची कोरलेली असते. तिच्यातून वाचता येते, तिच्यात काहीही लिहिता येत नाही. खेळाडूचे नाव, त्याने गाठलेला टप्पा, त्याच्याजवळच्या वस्तू अशी बदलती माहिती ठेवण्यासाठी वेगळी चिप लागते आणि त्या काळात अशा चिपचे पर्याय फार नव्हते. वीज गेल्यावरही माहिती धरून ठेवणाऱ्या ईईप्रॉम चिप तेव्हा आकाराने तोकड्या आणि लिहिण्यास संथ होत्या, तर फ्लॅश मेमरी महाग होती. त्यामुळे निर्मात्यांनी स्टॅटिक रॅम ही चिप निवडली. तिच्यात कितीही वेळा आणि अतिशय वेगाने लिहिता येते, फक्त तिला अखंड वीज लागते. यंत्र बंद असताना ही वीज पुरवण्यासाठी बॅटरी आली.

स्टॅटिक रॅममधला प्रत्येक बिट साधारणपणे सहा ट्रान्झिस्टरांच्या एका छोट्या मंडलात राहतो. त्यांपैकी चार ट्रान्झिस्टर अशा प्रकारे एकमेकांना जोडलेले असतात की एक बाजू ‘एक’वर असेल तर ती दुसऱ्या बाजूला ‘शून्य’वर दाबून धरते आणि ती दुसरी बाजू पुन्हा पहिलीला ‘एक’वर धरून ठेवते. या परस्परांच्या आधारासाठी वीज हवी, पण एकदा स्थिती ठरली की त्यात काही हालचाल नसते, त्यामुळे वापर होतो तो केवळ ट्रान्झिस्टरांमधून नकळत झिरपणाऱ्या विजेचा. चिप वापरात असताना तिला ५ व्होल्ट लागतात, तर नुसती माहिती धरून ठेवण्यासाठी अशा चिपांच्या तांत्रिक पत्रकांत सामान्यतः किमान २ व्होल्टची हमी दिलेली असते. नवी लिथियम बटन सेल ३ व्होल्टच्या थोडे वर असते. या दोन आकड्यांमधल्या जेमतेम एका व्होल्टच्या अंतरावर सगळ्या सेव्हचे आयुष्य उभे असते.

बॅटरी आणि स्टॅटिक रॅम यांच्यामध्ये आणखी एक घटक असतो आणि त्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. गेम बॉयच्या अनेक कार्ट्रिजमध्ये मित्सुमी किंवा रोम या कंपन्यांची एक लहानशी चिप बसवलेली दिसते. यंत्राकडून येणारा ५ व्होल्टचा पुरवठा चालू असेपर्यंत ती रॅमला तोच पुरवठा देते, तो ठरावीक पातळीखाली उतरताच रॅमला बॅटरीकडे वळवते आणि त्याच क्षणी रॅमचे लिहिण्या-वाचण्याचे दारही बंद करते. हे दार बंद होणे फार महत्त्वाचे आहे, कारण वीज ओसरत असताना यंत्रातला प्रोसेसर भरकटलेल्या अवस्थेत असतो आणि त्या अवस्थेत तो रॅममध्ये भलतेच काही लिहून टाकू शकतो. जुन्या ‘झेल्डा’मध्ये हे संरक्षण पुरेसे नव्हते, म्हणूनच त्या खेळात खेळाडूंना रीसेटचे बटण दाबून धरूनच यंत्र बंद करण्याची सूचना दिलेली होती. रीसेट दाबलेले असताना प्रोसेसर थांबलेला असतो, त्यामुळे त्याच्याकडून चुकीचे लेखन होत नाही. ज्यांनी ही सूचना पाळली नाही त्यांचे सेव्ह बॅटरी ठणठणीत असतानाही खराब झाले.

आता खर्चाचा हिशेब करू. ‘झेल्डा’मध्ये सीआर२०३२ जातीची सेल असते, तिची क्षमता साधारण २२० मिलिॲम्पिअर-तास धरता येते. ‘पोकेमॉन गोल्ड’मध्ये सीआर२०२५ असते आणि तिची क्षमता साधारण १६० मिलिॲम्पिअर-तास असते. या नावांमधले पहिले दोन अंक व्यास आणि पुढचे दोन अंक जाडी सांगतात, म्हणजे दोन्हींचा व्यास २० मिलिमीटर असून एकीची जाडी ३.२ आणि दुसरीची २.५ मिलिमीटर असते. रॅम घरातल्या सर्वसाधारण तापमानाला १ मायक्रोॲम्पिअर घेते असे मानले, तर २२० मिलिॲम्पिअर-तासांची सेल २,२०,००० तास, म्हणजे सुमारे २५ वर्षे पुरेल. त्याच वापरावर सीआर२०२५ सुमारे १८ वर्षे पुरायला हवी. सेलच्या आकारातला हा फरक काही वर्षांचा आहे, परंतु ‘गोल्ड’ची बॅटरी प्रत्यक्षात त्याहून बरीच आधी संपते. तेव्हा उरलेले कारण दुसरीकडे शोधावे लागते.

ते कारण म्हणजे घड्याळ. ‘गोल्ड’मध्ये दिवस आणि रात्र खऱ्या वेळेनुसार बदलतात आणि काही घटना ठरावीक वारीच घडतात. गेम बॉयमध्ये स्वतःचे घड्याळ नसल्यामुळे ते कार्ट्रिजमध्ये घालावे लागले. बोर्डावर सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा एक लहान स्फटिक असतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, म्हणजे पंधरा साध्या पायऱ्यांनी एका सेकंदाचा ठोका मिळतो. हे मोजण्याचे काम एमबीसी३ नावाची चिप करते. रॅम निश्चल बसलेली असते, तर घड्याळात प्रत्येक कंपनाबरोबर ट्रान्झिस्टर उघडझाप करतात आणि दर उघडझापीला थोडी वीज खर्च होते. यंत्र कपाटात बंद पडून असले तरी घड्याळ थांबत नाही. रॅम आणि घड्याळ मिळून ३ मायक्रोॲम्पिअर घेतात असे उदाहरणादाखल धरले, तर १६० मिलिॲम्पिअर-तासांची सेल ५३,००० तासांच्या आसपास, म्हणजे सहा वर्षांत संपते. प्रत्यक्षातला वापर प्रत्येक कार्ट्रिजमध्ये थोडा कमीअधिक असतो, कारण त्याच जातीच्या दोन रॅम चिपांतला झिरपाही सारखा नसतो, शिवाय उष्ण जागी ठेवलेल्या कार्ट्रिजमध्ये हा झिरपा वाढतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. खेळ खेळत राहिल्याने बॅटरी पुन्हा भरते असे अनेकांना वाटते. ही सेल पुन्हा भरता येण्याजोगी नाहीच, उलट यंत्राकडची वीज तिच्यात शिरू नये याची बोर्डावर खास काळजी घेतलेली असते. खेळताना रॅमचा भार यंत्र उचलते आणि तेवढा वेळ बॅटरीला विश्रांती मिळते एवढाच फायदा होतो. वर्षाकाठी काही डझन तास खेळणाऱ्याच्या बाबतीत हा फायदा नगण्य असतो.

बॅटरीचा शेवट हळूहळू जाणवत नाही, याचे कारण या सेलच्या रसायनात आहे. लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइड यांच्या या जोडीचा दाब आयुष्याचा मोठा काळ ३ व्होल्टच्या आसपास जवळपास सपाट राहतो आणि अखेरच्या टप्प्यात झपाट्याने घसरतो. त्यामुळे मल्टिमीटरवर २.९ व्होल्ट दिसले म्हणून बॅटरीत पुष्कळ जीव आहे असे म्हणता येत नाही, त्या मोजणीवरून ती आज शाबूत आहे इतकेच कळते. आकडा २.७ किंवा २.६ दिसू लागला की घसरण सुरू झाली असे समजावे आणि काम पुढे ढकलू नये. रॅम हमी दिलेल्या २ व्होल्टच्या खालीही काही काळ तग धरते हे खरे, पण त्या पट्ट्यात कोणता बिट आधी उलटेल हे प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या बारीकसारीक फरकांवर अवलंबून असते, म्हणून त्या आशेवर राहण्यात अर्थ नाही.

बिट उलटू लागले की खेळाच्या बाजूने काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. खेळ सेव्ह लिहितो तेव्हा त्यातल्या मुख्य माहितीच्या बाइटांची बेरीज करून ती बेरीजही शेजारी नोंदवून ठेवतो. पुढच्या वेळी सुरू होताना तो तीच बेरीज पुन्हा करतो आणि नोंदीशी पडताळून पाहतो. त्यात मेळ बसला नाही तर तो सेव्ह अमान्य ठरतो. म्हणूनच त्या हजारो बाइटांपैकी एकाच बाइटात बिघाड झाला तरी अनुभव मात्र सगळेच गेल्याचा येतो आणि पडद्यावर CONTINUE नाहीसे होऊन NEW GAME उरते. ‘गोल्ड’च्या निर्मात्यांनी याहून एक पाऊल पुढे जाऊन सेव्हची दुसरी प्रतही ठेवली होती. पहिल्या प्रतीची बेरीज चुकली तर खेळ दुसरी प्रत तपासतो. सेव्ह लिहिला जात असताना मध्येच वीज गेली तर ही योजना उत्तम काम करते, मात्र दोन्ही प्रती एकाच रॅममध्ये आणि एकाच बॅटरीवर अवलंबून असल्यामुळे बॅटरी संपल्यावर तिचा काहीही उपयोग होत नाही.

सेव्ह दिसला नाही की बॅटरीलाच दोष देण्याची घाई करू नये. कार्ट्रिजच्या तळाशी असलेल्या संपर्क-पट्ट्यांवर मळ किंवा गंज असेल, तर रॅममधली माहिती शाबूत असूनही यंत्राला ती चुकीची वाचली जाते आणि बेरीज जुळत नाही. अशा वेळी खेळ सुरू करून पाहण्याचा प्रत्येक प्रयत्न धोक्याचा असतो, कारण काही खेळ अमान्य सेव्ह आढळताच ती जागा पुसून नव्याने मांडतात. म्हणून आधी कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या स्वच्छ कराव्यात, त्या पूर्ण सुकू द्याव्यात आणि मगच कार्ट्रिज यंत्रात घालावी. तोंडाने फुंकर मारण्याची जुनी सवय सोडलेली बरी, कारण त्या ओलाव्याने गंजच वाढतो. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे बॅटरीला चिकटवलेल्या धातूच्या पातळ पट्टीचा, म्हणजे टॅबचा, बोर्डावरचा सोल्डर तडकणे. अशा कार्ट्रिजमधला सेव्ह कधी टिकतो, कधी जातो, आणि मोजणीत बॅटरी मात्र उत्तम दिसते.

संपलेल्या बॅटरीची खूण निराळी असते. खेळ अगदी नीट चालतो, सेव्ह झाल्याचा संदेशही येतो, कारण त्या वेळी रॅमला यंत्राची वीज मिळत असते. यंत्र बंद करून लगेच चालू केले तर सेव्ह कधीकधी दिसतोसुद्धा, कारण बोर्डावरच्या कपॅसिटरमधली उरलीसुरली वीज रॅमला थोडा वेळ जगवते. यामुळे अनेकांची फसगत होते आणि बॅटरी चांगली असल्याचा निष्कर्ष निघतो. खरी परीक्षा घ्यायची असेल तर सेव्ह करून कार्ट्रिज यंत्रातून बाहेर काढावी आणि रात्रभर तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी पाहावी.

प्रत्येक जुन्या कार्ट्रिजमध्ये सेव्हसाठी बॅटरी असतेच असेही नाही. निन्टेन्डो ६४वरचा ‘सुपर मारिओ ६४’ आपला सेव्ह ईईप्रॉममध्ये ठेवतो, तर त्याच यंत्रावरच्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मध्ये बॅटरीवरची रॅम आहे. गेम बॉय ॲडव्हान्सवरचे ‘पोकेमॉन रूबी’ हे तर नेहमीच गोंधळाचे ठरते. त्याची बॅटरी संपली की पडद्यावर The internal battery has run dry असा संदेश येतो आणि खेळाडू धास्तावतो, पण त्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो आणि बॅटरी फक्त घड्याळासाठी असते. तेथे बॅटरी काढली तरी सेव्ह सुरक्षित राहतो. ‘गोल्ड’मध्ये तसे नाही. तेथे बॅटरी निघाली की सेव्ह गेला असेच धरून चालावे.

म्हणून सेव्ह अजून जिवंत असेल तर बॅटरीला हात लावण्यापूर्वी त्याची प्रत संगणकावर घ्यावी. गेम बॉयच्या कार्ट्रिज वाचणारी यूएसबीवर चालणारी छोटी उपकरणे मिळतात. जीबीएक्सकार्ट आणि जीबी ऑपरेटर ही त्यांतली परिचित नावे आहेत. अशा उपकरणाने रॅममधली माहिती वाचून तिची एक फाइल बनवता येते आणि नंतर तीच फाइल परत कार्ट्रिजमध्ये लिहिता येते. ‘गोल्ड’मधली रॅम ३२ किलोबाइटची आहे, त्यामुळे फाइल ३२,७६८ बाइटांची हवी. वाचणारी प्रणाली घड्याळाची नोंदही शेवटी जोडत असेल तर फाइल काही बाइटांनी मोठी असते. एकदाच वाचून समाधान मानू नये. कार्ट्रिज बाहेर काढून पुन्हा घालावी, दुसऱ्यांदा वाचावे आणि दोन्ही फाइल एकमेकींशी ताडून पाहाव्यात. घड्याळाची नोंद साहजिकच बदललेली असेल, म्हणून तुलना पहिल्या ३२,७६८ बाइटांपुरतीच करावी. लिनक्सवर त्यासाठी पुढील आज्ञा पुरते:

```
cmp -n 32768 gold1.sav gold2.sav
```

आज्ञेनंतर काहीही छापले गेले नाही तर दोन्ही प्रती सारख्या आहेत. फरक दाखवला गेला तर संपर्क-पट्ट्या पुन्हा स्वच्छ करून सुरुवातीपासून वाचावे. प्रती सारख्या असूनही फाइलमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच मूल्य भरलेले असेल, तर जुळणी झाली तरी ती प्रत निरुपयोगी आहे, कारण अशी फाइल म्हणजे बहुधा रॅमचे दार उघडलेच नव्हते याची खूण असते. अखेरची खात्री ती फाइल संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या एखाद्या एम्युलेटरमध्ये उघडून CONTINUE दिसते का ते पाहून करावी.

ज्यांच्याजवळ असे उपकरण नसते ते कधीकधी सेव्ह वाचवण्यासाठी एक धाडसी मार्ग अवलंबतात. ३ व्होल्टचा दुसरा स्रोत तारांनी समांतर जोडून, रॅमचा पुरवठा क्षणभरही न तोडता ते जुनी सेल काढतात. काही जण तर कार्ट्रिज चालू यंत्रात ठेवूनच सोल्डर करतात. हे जमते, पण तार क्षणभर निसटली किंवा सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने चुकीच्या दोन जागा जोडल्या, तर सेव्ह जातो, आणि चालू यंत्राच्या बाबतीत कार्ट्रिज व यंत्र दोन्ही जळू शकतात. माझ्या मते ज्या सेव्हसाठी एवढा जीव टाकावासा वाटतो त्याच्यासाठी वाचक-उपकरण मिळवणेच शहाणपणाचे आहे, आणि ज्याच्यासाठी तेवढे करावेसे वाटत नाही तो सेव्ह गेला तरी चालतो.

प्रत्यक्ष कामासाठी लागणारी सामग्री मोजकी आहे: ३.८ मिलिमीटरचा गेमबिट स्क्रू-ड्रायव्हर, तापमान ठरवता येणारे सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, फ्लक्स, मल्टिमीटर आणि मुख्य म्हणजे टॅब लावलेली नवी सीआर२०२५. मूळ सेलला धातूच्या दोन पातळ पट्ट्या कारखान्यात स्पॉट वेल्डिंगने चिकटवलेल्या असतात आणि सोल्डर होतो तो त्या पट्ट्यांचा, सेलचा नव्हे. साधी सेल आणून तिच्या पृष्ठभागावर थेट सोल्डर करण्याचा मोह काहींना होतो. तो कटाक्षाने टाळावा. सेलच्या आतला पातळ पडदा उष्णतेने वितळला तर दोन्ही ध्रुव आतल्या आत जोडले जातात आणि सेल फुगते, गळते किंवा फुटते. त्याचप्रमाणे जुन्या पट्ट्या उचकटून नवी सेल चिकटपट्टीने त्यांच्यात दाबून बसवणेही टिकाऊ नाही. दोन-तीन मायक्रोॲम्पिअर वाहून नेण्यासाठी संपर्क फार भक्कम लागत नाही, पण तो क्षणभरही तुटून चालत नाही, आणि चिकटपट्टी कालांतराने नेमकी ढिली पडते. भरता येणारी एलआयआर२०३२ ही सेल दिसायला सारखीच असली तरी तिचा दाब ४ व्होल्टच्या वर जातो आणि तिला भरण्याची कोणतीही सोय कार्ट्रिजमध्ये नसते, त्यामुळे ती येथे लावू नये. जागा पुरत असेल तर सीआर२०२५ऐवजी सीआर२०३२ मात्र लावता येते. दोन्हींचा दाब समान आहे, फक्त ०.७ मिलिमीटरच्या जादा जाडीमुळे कवच नीट मिटते की नाही ते आधी पाहावे.

कार्ट्रिजच्या मागचा एकमेव स्क्रू काढल्यावर पुढची बाजू संपर्क-पट्ट्यांच्या दिशेने थोडी सरकवावी लागते, मगच ती सुटते. जोर लावून ओढले तर प्लॅस्टिकचे दात मोडतात. बोर्ड बाहेर काढण्याआधी बॅटरीचे छायाचित्र घ्यावे, त्यात अधिक आणि उणे कोणत्या बाजूला आहेत ते स्पष्ट दिसायला हवे. बोर्डावरही ही चिन्हे बहुधा छापलेली असतात. ती नव्या सेलच्या टॅबशी जुळवून पाहावीत, कारण टॅबांची मांडणी सगळ्या उत्पादकांची सारखी नसते. जुनी सेल गळली असेल तर आसपासच्या तांब्याच्या रेषांवर डाग किंवा खड्डे दिसतात, ते आधी अल्कोहोलने पुसून रेषा तुटलेली नाही ना हे मल्टिमीटरने तपासावे.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा सोल्डर एकदम वितळत नाही. त्याच्यावर थोडे फ्लक्स आणि थोडा ताजा सोल्डर चढवला की तो लवकर वाहू लागतो. आयर्न साधारण ३२० ते ३५० अंश सेल्सिअसवर ठेवावे, एका टॅबवर दोन-तीन सेकंद टेकवावे आणि सोल्डर चमकून वाहू लागताच चिमट्याने टॅब अलगद उचलावा. सोल्डर वितळण्यापूर्वी टॅब ओढल्यास त्याच्याखालचा तांब्याचा पापुद्रा बोर्डावरून सुटून येतो आणि दहा मिनिटांचे काम दुरुस्तीच्या मोठ्या कामात बदलते. या साऱ्या कामात हीच एक चूक खरोखर महागात पडते. दोन्ही टॅब सुटले की जागा साफ करून नव्या सेलचा एक टॅब जोडावा, सेल सरळ आणि कवचात मावेल अशी बसली आहे हे पाहावे आणि मग दुसरा टॅब जोडावा. प्रत्येक टॅबवरची उष्णता थोडा वेळच राहील आणि दोन टॅबांच्या मध्ये सेल थंड होईल इतका अवकाश द्यावा.

कवच मिटण्यापूर्वी दोन मोजण्या कराव्यात. पहिली सेलच्या दोन ध्रुवांवर करावी, तेथे ३ ते ३.३ व्होल्ट दिसायला हवेत. तेथे आकडा बराच कमी दिसला तर कुठेतरी दोन जागा सोल्डरने जोडल्या गेल्याची शक्यता आहे आणि सेल वेगाने रिकामी होत आहे. दुसरी मोजणी थेट रॅमवर करावी. ३२ किलोबाइटच्या नेहमीच्या २८ पायांच्या रॅम चिपमध्ये पुरवठा २८व्या पायावर आणि उणे बाजू १४व्या पायावर असते. तेथे सेलपेक्षा किंचित कमी दाब दिसला तर सारे ठीक आहे, कारण मधल्या चिपमध्ये थोडा दाब खर्च होतो. सेलवर पूर्ण ३ व्होल्ट आणि रॅमवर जवळपास शून्य असे दिसले, तर बॅटरी नव्हे, मधला मार्ग तुटलेला आहे. बॅटरीच्या वाटेत एखादा रेझिस्टर असेल तर त्याच्या दोन टोकांमधला दाब मोजून खर्चही काढता येतो. उदाहरणार्थ १०,००० ओहमच्या रेझिस्टरवर ३० मिलिव्होल्ट दिसले, तर ३ मायक्रोॲम्पिअर वाहत आहेत. हा आकडा शंभराच्या घरात गेला तर ती नवी सेल काही महिन्यांतच संपेल आणि दोष बोर्डावर शोधावा लागेल.

यानंतर जपून ठेवलेली फाइल वाचक-उपकरणाने परत लिहावी आणि लिहून झाल्यावर पुन्हा वाचून मूळ फाइलशी ताडून पाहावी. सेव्ह परत आला तरी घड्याळ मात्र बंद पडून पुन्हा सुरू झालेले असते, त्यामुळे ‘गोल्ड’ The clock's time may be wrong. Please reset the time. असे सांगू शकतो. यात बिघाड काही नाही. शीर्षकाच्या पडद्यावर खालची दिशा, सिलेक्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबली की वेळ बदलण्याचा पडदा उघडतो. तो एक पासवर्ड मागतो. हा पासवर्ड खेळाडूचे नाव, त्याचा ओळख-क्रमांक आणि त्या वेळी जवळ असलेले पैसे यांवरून ठरतो, म्हणून पैशांचा आकडा आधी टिपून घ्यावा आणि पासवर्ड काढल्यानंतर तो बदलू देऊ नये.

बॅटरीची ही पाळी कायमची संपवण्यासाठी काही जण रॅमच्या जागी एफरॅम ही वीज नसतानाही माहिती धरणारी चिप बसवतात. घड्याळ नसलेल्या कार्ट्रिजमध्ये हा उपाय चालू शकतो, पण त्यासाठी चिपचे पाय आणि तिची वाचन-लेखनाची वेळ मूळ रॅमशी जुळवावी लागते. ‘गोल्ड’मध्ये तो अर्धाच लागू पडतो. सेव्ह बॅटरीशिवाय टिकेल, पण घड्याळाला वीज लागतच राहते, म्हणून तेथे सेल ठेवावीच लागते. फरक इतकाच पडतो की ती संपल्यावर हरवते ती फक्त वेळ.

काढलेल्या जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ती बॅटऱ्यांच्या कचऱ्यात वेगळी द्यावी, कारण संपलेल्या वाटणाऱ्या सेलमध्येही दुसऱ्या धातूला लागून तापण्याइतकी वीज उरलेली असते. नव्या सेलवर, किंवा कवचाच्या आतल्या बाजूला, बदलल्याचा महिना आणि वर्ष लिहून ठेवावे. घड्याळ असलेल्या कार्ट्रिजचा सेव्ह पाच-सहा वर्षांनी आणि घड्याळ नसलेल्या कार्ट्रिजचा दहा-बारा वर्षांनी संगणकावर पुन्हा उतरवून घ्यावा, मग सेलचा दाब मोजण्यासाठी कवच उघडायचे की नाही हे त्या वेळी निवांतपणे ठरवता येते.